ओल आलेल्या भिंतीचे तीन फोटो

आमचा वॉटरप्रूफिंगचा आणि रंगकामाचा घरचा व्यवसाय आहे. माझे पती आणि दीर प्रत्यक्ष काम पाहतात, आणि कोटेशन, हिशेब व ग्राहकांशी बोलणे ही बाजू माझ्याकडे आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो आणि कल्याणपासून ठाण्यापर्यंत कामे घेतो. या पट्ट्यात तीस-चाळीस वर्षांच्या चारमजली इमारती पुष्कळ आहेत आणि पाऊस सलग चार महिने असतो, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू होतात. गेल्या वर्षीपर्यंत कोटेशनची सगळी विचारणा व्हॉट्सॲपवर येत असे. एखादी व्यक्ती भिंतीवरच्या डागाचे पाच-सहा फोटो पाठवायची आणि खाली लिहायची, ‘किती खर्च येईल?’ फोटो कोणत्या खोलीचा, घर कितव्या मजल्यावर, भिंतीच्या पलीकडे काय आहे, यातले काहीच कळत नसे. मग मी एकेक प्रश्न विचारत बसे, उत्तरे दोन दिवसांत तुकड्यातुकड्याने येत, आणि तोवर ते फोटो इतर संभाषणांच्या खाली गेलेले असत. म्हणून मी ठरवले की कोटेशन मागण्यासाठी फोटो जोडता येतील असा एक नीट फॉर्म आपल्या संकेतस्थळावर बसवायचा. त्या कामाचा हा अनुभव आहे.

फॉर्म करण्याआधी मी पतींसमोर वही घेऊन बसले आणि त्यांना विचारले की घरी न जाता, केवळ फोटोंवरून अंदाज सांगायचा झाला तर तुम्हांला नेमके काय पाहावे लागेल. त्यांचे उत्तर मला आजही महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, ‘‘डागाचा फोटो मला फारसा उपयोगाचा नाही. डाग जिथे दिसतो तिथून पाणी येत नसते. मला भिंतीच्या पलीकडे काय आहे ते दाखव.’’ बेडरूमच्या भिंतीला पोपडे आले असतील तर पलीकडे बाथरूम आहे, बाहेरची उघडी भिंत आहे की शेजाऱ्याचे स्वयंपाकघर आहे, यावर कामच बदलते. छताला ओल असेल तर वर गच्ची आहे की वरच्या घरातली नहाणी, हे कळायला हवे. त्याखेरीज ओल जमिनीपासून वर चढलेली आहे की वरून खाली उतरलेली आहे, हे संपूर्ण भिंत एका चौकटीत आल्याशिवाय दिसत नाही. लोक मात्र डागाच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढतात, कारण त्यांना त्रास डागाचा होत असतो.

यावरून मी ठरवले की ‘फोटो जोडा’ अशी एकच जागा द्यायची नाही. तीन वेगवेगळ्या जागा द्यायच्या आणि प्रत्येकीला नाव द्यायचे. पहिल्या फोटोत जमिनीपासून छतापर्यंतची पूर्ण भिंत हवी. दुसऱ्यात डाग जवळून हवा, पण त्याच्या शेजारी एक ए-फोर आकाराचा कोरा कागद चिकटवलेला असावा. हा कागद जवळपास प्रत्येक घरात असतो आणि त्याची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे एक फुटाला अगदी थोडी कमी, असते. त्यामुळे फोटोत कागदाशी तुलना करून डाग किती फूट पसरला आहे ते बऱ्यापैकी सांगता येते. तिसरा फोटो पलीकडच्या बाजूचा. प्रत्येक जागेच्या वर मी आमच्याच एका जुन्या कामाचा नमुना फोटो लहान आकारात लावला. लिहिलेली सूचना लोक वाचतीलच असे नाही, पण नमुना पाहून तसाच फोटो काढतात, हे मला पुढे स्पष्ट दिसले.

फोटोंखेरीज प्रश्न मोजकेच ठेवले. नाव, मोबाइल, परिसर आणि इमारत किती मजली व घर कितव्या मजल्यावर, एवढे तर लागतेच. मजल्याचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी असते, तर घरातल्या बाथरूमची, मोरीची दुरुस्ती त्या सभासदाने करायची असते. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या ग्राहकाला छताच्या गळतीचे कोटेशन त्याच्या एकट्याच्या नावाने देऊन उपयोग नसतो. ते सोसायटीच्या समितीपुढे ठेवता येईल अशा स्वरूपात द्यावे लागते. दुसरा महत्त्वाचा प्रश्न ओल केव्हा असते हा. त्याचे पर्याय मी आमच्याकडे लोक जसे बोलतात तसेच लिहिले: ‘पावसाळ्यात येते आणि दिवाळीपर्यंत वाळते’, ‘बारा महिने असते’, आणि ‘यंदाच पहिल्यांदा आली आहे’. पावसाबरोबर येणारी आणि जाणारी ओल बहुधा बाहेरून येते. बारमाही ओल असेल तर आधी घरातले पाणी तपासावे लागते.

सुरुवातीला मी फॉर्म तयार करून देणाऱ्या एका मोफत सेवेचा वापर केला. अर्ध्या तासात फॉर्म तयार झाला आणि फोटो जोडण्याचीही सोय होती. पण पहिल्याच आठवड्यात तीन जणांचे फोन आले की फोटोच्या जागी बोट ठेवले की आधी खात्यात लॉग-इन करायला सांगतात. त्यातल्या एका काकूंना पासवर्ड आठवत नव्हता, आणि त्या मला म्हणाल्या, ‘‘अगं, भिंतीचा फोटो पाठवायला माझ्या खात्याची काय गरज?’’ मला त्यांचे म्हणणे पटले. त्या सेवेत फाइल स्वीकारायची तर लॉग-इन सक्तीचे होते आणि ते बंद करण्याची सोय नव्हती. म्हणून मी आमच्या संकेतस्थळाच्याच जागेवर स्वतः फॉर्म लिहायचे ठरवले. मला एचटीएमएल येत होते, आणि फॉर्ममधून आलेली माहिती सर्व्हरवर स्वीकारणारी पीएचपी ही भाषा मी पूर्वी एका नोकरीत थोडी हाताळली होती.

पहिली चूक मी लगेचच केली, आणि ती एका शब्दाची होती. फोटोच्या जागेसाठी मी अशी ओळ लिहिली होती:

```html
<input type="file" name="bhint" accept="image/*" capture="environment">
```

यातल्या `capture="environment"` मुळे मोबाइलवर थेट मागचा कॅमेरा उघडतो. मला ते सोयीचे वाटले, कारण ग्राहक भिंतीसमोर उभा राहूनच फॉर्म भरेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ठाण्याच्या एका ग्राहकाने दुपारी कार्यालयातून फॉर्म भरायला घेतला. त्याच्याजवळ आदल्या रात्रीच्या मुसळधार पावसात छतातून पाणी टपकत असतानाचा फोटो होता, आणि आम्हांला त्याहून मोलाचा फोटो दुसरा नाही, कारण पाऊस थांबल्यावर टपकण्याची नेमकी जागा सापडत नाही. पण फॉर्म त्याला गॅलरी उघडू देत नव्हता, फक्त कॅमेरा उघडत होता. शेवटी त्याने फोन केला म्हणून मला कळले. ज्यांनी फोन न करता फॉर्म सोडून दिला असेल त्यांचा हिशेब मला कधीच लागणार नाही. मी `capture` काढून टाकले. केवळ `accept="image/*"` ठेवले की गॅलरीतला आधी काढलेला फोटोही निवडता येतो.

दुसरा घोळ अधिक गंभीर होता आणि तो जवळजवळ तीन आठवडे माझ्या लक्षात आला नाही. फॉर्ममधून येणारी माहिती एका तक्त्यात जमा होत होती. त्या तक्त्यात अधूनमधून अशा ओळी दिसू लागल्या की ज्यांत केवळ तारीख आणि वेळ असे. नाव, मोबाइल, फोटो सगळे कोरे. मला वाटले, कोणी तरी उगीच बटण दाबून पाहत असेल, आणि मी त्या ओळी पुसत राहिले. मग एके दिवशी अंबरनाथच्या एका गृहस्थांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, फॉर्म भरून आठ दिवस झाले. धन्यवाद असे लिहून आले होते, पण तुमच्याकडून काहीच निरोप नाही.’’ मी त्यांना दिवस आणि अंदाजे वेळ विचारली आणि तक्ता उघडला. त्या वेळेला तिथे एक कोरी ओळ होती. मी पुसलेली प्रत्येक ओळ ही अशाच कोणाची तरी विचारणा होती, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले.

कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. पीएचपीमध्ये दोन मर्यादा असतात आणि त्यांच्या मूळ किमती लहान आहेत. `upload_max_filesize` ही एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते, आणि `post_max_size` ही फॉर्ममधून एकाच वेळी येणाऱ्या सगळ्या माहितीची मर्यादा मुळात ८ एमबी असते. आजच्या फोनचा फोटो सहज तीन-चार एमबीचा होतो. एकच फोटो मर्यादेपेक्षा मोठा असेल तर नाव आणि मोबाइल येतात, फक्त तो फोटो येत नाही. पण तिन्ही फोटो मिळून एकूण मर्यादा ओलांडली गेली, तर पीएचपी सगळेच टाकून देते: भरलेली माहिती ज्यात येते ते `$_POST` आणि फोटो ज्यात येतात ते `$_FILES` दोन्ही रिकामे मिळतात. पाठवणाऱ्याला मात्र पुढचे पान दिसते. म्हणजे ज्या ग्राहकाने आमचे ऐकून तिन्ही फोटो व्यवस्थित, चांगल्या कॅमेऱ्याने काढले, त्याचीच विचारणा पूर्णपणे हरवत होती, आणि ज्याने एकच जुना, लहान फोटो जोडला त्याची नीट पोहोचत होती.

उपाय दोन केले. आमच्या होस्टिंगवर मर्यादा बदलता येत होत्या, म्हणून संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरमध्ये `.user.ini` नावाची फाइल ठेवली:

```
upload_max_filesize = 12M
post_max_size = 40M
```

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मी त्यात तासभर घालवला. ही फाइल बदलली तरी बदल लगेच लागू होत नाही. पीएचपी ती साधारण पाच मिनिटांनी पुन्हा वाचते. मी दर मिनिटाला तपासून पाहत होते आणि काहीच बदलत नाही म्हणून दुसरीकडेच दोष शोधत होते. त्यानंतर माहिती स्वीकारणाऱ्या पानाच्या सुरुवातीलाच ही तपासणी घातली:

```php
if ($_SERVER['REQUEST_METHOD'] === 'POST'
    && empty($_POST)
    && (int)($_SERVER['CONTENT_LENGTH'] ?? 0) > 0) {
    exit('फोटो फार मोठे असल्यामुळे माहिती पोहोचली नाही.');
}
```

माहिती आल्याचे दिसते आहे, पण हातात काहीच पडले नाही, असा त्याचा अर्थ. पुढे या वाक्याच्या जागी मी आमचा फोन नंबर असलेले पूर्ण पान ठेवले. ‘धन्यवाद’चे पान आता नाव, मोबाइल आणि निदान एक फोटो खरोखर जतन झाल्यानंतरच दिसते, आणि त्यावर किती फोटो पोहोचले तो आकडा लिहिलेला असतो.

खरा उपाय मात्र फोटो ग्राहकाच्या फोनमध्येच लहान करून मग पाठवण्याचा होता. इमारतीच्या आतल्या खोलीत नेटवर्क कमकुवत असते आणि बारा एमबी पाठवताना ते मध्येच तुटते. म्हणून ब्राउझरमध्येच हे काम करून घेतले:

```js
async function lahanKara(file) {
  const img = await createImageBitmap(file);
  const k = Math.min(1, 1600 / Math.max(img.width, img.height));
  const c = document.createElement("canvas");
  c.width = Math.round(img.width * k);
  c.height = Math.round(img.height * k);
  c.getContext("2d").drawImage(img, 0, 0, c.width, c.height);
  return new Promise(r => c.toBlob(r, "image/jpeg", 0.8));
}
```

लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवण्याआधी मी पतींना निरनिराळ्या आकारांचे फोटो दाखवले होते. दहा फूट रुंदीची भिंत १६०० पिक्सेलमध्ये बसवली की एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचे जवळजवळ दोन मिलिमीटर होतात. तेवढ्यात ओलीचा पसारा उत्तम दिसतो, पण गिलाव्यातली केसासारखी चीर दिसत नाही. जवळच्या फोटोत साधारण दोन फूट रुंदीचा भाग येतो, तेव्हा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो आणि चीर ओळखता येते. म्हणजे पूर्ण भिंतीचा आणि जवळचा असे दोन फोटो वेगळे घेण्याला इथेही आधार मिळाला, आणि प्रत्येक फोटो बहुधा अर्ध्या एमबीच्या आतच राहू लागला. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की फोटो नव्याने तयार होत असल्यामुळे मूळ फोटोत दडलेली जागेची माहिती, म्हणजे घराचे अक्षांश-रेखांश, अशा लहान केलेल्या फोटोबरोबर आमच्याकडे येतच नाहीत. आम्हांला पत्ता विचारायचा असेल तेव्हा आम्ही विचारू; न सांगता तो घेणे मला योग्य वाटत नाही.

एक मर्यादा राहिली. आयफोन फोटो `.heic` या प्रकारात साठवतो, आणि असा फोटो कोणी संगणकावर उतरवून तिथून जोडला तर अनेक ब्राउझरना तो उघडता येत नाही आणि वरची कृती तिथेच थांबते. अशा वेळी मी मूळ फाइल आहे तशीच स्वीकारते आणि नंतर आमच्याकडे तिचे रूपांतर करते. ग्राहकाला ‘हा प्रकार चालत नाही’ असे सांगून परत पाठवत नाही, कारण त्याला त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही.

मोबाइल क्रमांकाच्या बाबतीत एक अडचण आली, ती मराठीत फॉर्म करणाऱ्या प्रत्येकाला येईल असे वाटते. मराठी कळफलक वापरणारे काही ग्राहक क्रमांक देवनागरी अंकांत लिहीत, आणि माझी तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखत असल्यामुळे बरोबर लिहिलेल्या क्रमांकालाही ‘क्रमांक चुकीचा आहे’ असे उत्तर मिळे. मराठी फॉर्मने मराठी अंक नाकारावेत हे मला सहन झाले नाही. आता तपासण्याआधी ते बदलून घेते:

```js
const mobile = raw
  .replace(/[०-९]/g, d => "०१२३४५६७८९".indexOf(d))
  .replace(/\D/g, "")
  .slice(-10);
```

यामुळे मध्ये सोडलेली जागा आणि सुरुवातीचे `+91` हेही आपोआप निघून जाते.

फोटो कुठे ठेवायचे याचा विचार मी शेवटी केला, खरे तर तो आधी करायला हवा होता. लोकांच्या बेडरूमचे, बाथरूमचे फोटो आपल्याकडे असतात. पाठीमागे कपाट, देवघर, कधी घरातली माणसेही दिसतात. सुरुवातीला ते संकेतस्थळाच्याच फोल्डरमध्ये मूळ नावाने साठत होते, म्हणजे नाव ओळखता आले तर कोणालाही ते ब्राउझरमध्ये उघडता आले असते. आता ते `public_html` च्या, म्हणजे ब्राउझरमधून उघडता येणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर यादृच्छिक नावाने साठतात, आणि आलेली फाइल खरोखर चित्रच आहे का हे तिच्या नावावरून नव्हे तर आतल्या मजकुरावरून तपासले जाते. फॉर्मवर स्पष्ट लिहिले आहे की हे फोटो केवळ कोटेशनसाठी वापरले जातील आणि काम न ठरल्यास सहा महिन्यांनी पुसले जातील. जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याची परवानगी आम्ही वेगळी, काम संपल्यावर विचारतो.

फॉर्म स्थिरावल्यानंतर आलेली एक विचारणा मी इथे सविस्तर सांगते. डोंबिवली पूर्वेतले एक निवृत्त शिक्षक, चारमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे. बेडरूमच्या भिंतीला ओल, बारा महिने. पहिल्या फोटोत दिसत होते की ओल जमिनीलगत सुरू होऊन वर थांबते आहे आणि भिंतीचा वरचा भाग कोरडा आहे. दुसऱ्या फोटोत कागद लावलेला होता. डागाची उंची दोन कागदांएवढी, म्हणजे सुमारे दोन फूट, आणि लांबी पाच फूट. रंगाचे पोपडे सुटले होते आणि खाली पांढरा लोणा जमला होता. तिसऱ्या फोटोत मात्र त्यांनी समोरची भिंत पाठवली होती. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही भिंतीची दुसरी बाजू लिहिले होते. खोलीची दुसरी बाजू म्हणजे समोरचीच ना?’’ चूक माझ्या शब्दांची होती. त्याच दिवशी मी त्या जागेचे नाव बदलून ‘याच भिंतीच्या पलीकडे जे आहे त्याचा फोटो (बाथरूम, बाहेरची भिंत, जिना, वरची गच्ची)’ असे केले, आणि ‘पलीकडे जाता येत नाही’ हा पर्यायही दिला, कारण पलीकडे शेजाऱ्याचे घर असले की ग्राहक तिथेच अडकत असे.

सरांनी पुन्हा पाठवलेल्या फोटोत बाथरूम दिसले. नहाणीच्या जाळीभोवतीच्या फरशांच्या सांध्यांतले सिमेंट निघून गेलेले होते. बारमाही ओल, खालून वर चढलेली, पलीकडे बाथरूम आणि उघडे सांधे, एवढ्यावरून पतींनी कारण बाथरूमची फरशी असावे असा अंदाज केला. सरांनी बाथरूमचे माप सात फूट बाय चार फूट दिले होते. फरशी २८ चौरस फूट. भिंतींवर एक फूट उंचीपर्यंत लेप घ्यायचा तर चारी बाजूंची लांबी २२ फूट, त्यातून दरवाजाचे अडीच फूट वजा जाता साडेएकोणीस. मिळून सुमारे ४८ चौरस फूट. बेडरूमच्या बाजूला गिलावा डागाच्या एक फूट पुढेपर्यंत काढावा लागतो, म्हणून सात फूट बाय तीन फूट, म्हणजे २१ चौरस फूट. यावरून मी त्यांना दोन आकडे कळवले: सांधे खरवडून इपॉक्सीने भरण्याचा कमी खर्चाचा, आणि फरशी उखडून खालून नवे वॉटरप्रूफिंग करण्याचा जास्त खर्चाचा; नेमका कोणता ते घर पाहिल्यावर ठरेल असे स्पष्ट लिहिले. फॉर्मवरून एकच आकडा आम्ही कधीच देत नाही.

घर पाहायला गेल्यावर पतींनी प्रथम खालच्या मजल्यावरच्या घराचे दार वाजवले. तिथल्या बाथरूमचे छत कोरडे ठणठणीत होते. फरशीतून पाणी झिरपत असते तर त्याची खूण खालच्या छतावर बहुतेक दिसलीच असती. मग नहाणीचे तोंड बंद करून बाथरूममध्ये एक इंच पाणी चोवीस तास भरून ठेवले. पातळीत मोजण्यासारखा फरक पडला नाही. त्यानंतर प्लंबरने भिंतीतल्या पाइपाला दाब देऊन पाहिले, तेव्हा दाबमापकाचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. जमिनीपासून दोन फुटांवर असलेल्या नळामागचा एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, गळत होता, आणि बेडरूममधल्या डागाची वरची कडही दोन फुटांवरच होती. काम तीन फूट भिंत खोदून पाइप बदलण्याचे आणि बेडरूमचा गिलावा नव्याने करण्याचे निघाले. फरशीला हात लावावा लागला नाही. सांधे मात्र भरून दिले. सरांना खर्च आमच्या कमी आकड्याच्याही आत आला.

त्या रात्री मी फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवले. ज्यांनी पलीकडे बाथरूम किंवा मोरी असल्याचे सांगितले आहे त्यांनाच ते दिसतात. पहिला, ‘तुमच्या खालच्या घरातल्या छताला ओल आली आहे का?’, ज्याचे ‘विचारून सांगतो’ हेही एक उत्तर आहे. आणि दुसरा, ‘त्या भिंतीवर नळ असल्यास तो जमिनीपासून किती उंचीवर आहे?’ तिसऱ्या फोटोच्या नमुन्यातही आता नळ आणि नहाणीची जाळी दोन्ही एका चौकटीत दिसतील असा फोटो लावला आहे.